पुराव्यासकट अर्ज

परळच्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात कुणालाही अर्ज लिहायचा असला की तो माझ्या टेबलाशी येतो. एकोणतीस वर्षं आवक-जावक सांभाळतोय, माझा एकही अर्ज परत आलेला नाही. या गोष्टीचा मला माज होता, दुसरा शब्द नाही.

केसपेपर काउंटरवरची मेघना शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसणार होती. घरात पगार तिचा एकटीचा. मागच्या वर्षी दवाखान्याचे व्यवस्थापक यशोधन साहेबांनी तिची रजा उडवली होती. "काम कोण बघणार? तोंडी चालत नाही," असं म्हणून. त्यामुळे तिचं वर्ष वाया गेलं.

या वेळी मी तारखा घातल्या: ३० मार्च ते १६ एप्रिल, अठरा दिवस. वेळापत्रकाची झेरॉक्स लावली. सकाळी शेजारच्या बिलिंगची सीमा काउंटर बघणार, जेवणानंतर तिथलाच मनू. अर्जावर मनूची सही झाली. सीमा त्या दिवशी रजेवर होती आणि अर्ज द्यायची ती शेवटची तारीख.

"काका, सीमाताईने व्हॉट्सअ‍ॅपवर हो म्हटलंय," मेघना म्हणाली.

"मग प्रिंट काढ. पुरावा जोडू."

तिने दोन पानं आणली. "हे सगळं जोडायचं?"

"सगळं. अर्धवट जोडलं की माणसाला वाटतं, काहीतरी लपवलंय."

मी पहिलं पान वाचलं. 'बिनधास्त जा गं, सकाळचं मी बघते.' बस्स, पुरे होतं. दुसरं पान उलटलंसुद्धा नाही. स्टेपल मारली आणि अर्ज आत पाठवला.

दुसरं पान साहेबांनी वाचलं. 'मी तशीही चारला सटकते, कुणाला कळतंय? पप्पांना डायलिसिसला न्यायचं असतं. हजेरीत माझी सही मनू करून टाकतो.'

सीमा आणि मनू दोघांना मेमो मिळाला. सीमाला दुसऱ्याच दिवशी चेंबूरच्या शाखेत टाकलं. मेघनाच्या अर्जावर शेरा आला, 'पर्यायी व्यवस्था नसल्याने नामंजूर.'

सीमा जाताना माझ्या टेबलाशी थांबली. "जयवंतकाका, पप्पांना आता कोण नेणार, तेवढं सांगा," म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेघनाशी ती बोललीच नाही. सीमाने मेघनाला विश्वासाने लिहिलेल्या गप्पा मी साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवल्या, आणि दोष आला मेघनावर.

संध्याकाळी मेघना कोरा कागद मागायला आली.

"परत अर्ज करू या," मी म्हणालो. "मीच साहेबांना भेटतो. तुझं काउंटर मी बघतो, तसं लिहून देतो."

"हे आधी सुचलं असतं तर, काका," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आता राजीनामा देतेय. परीक्षेला बसायचंय."

मी सवयीने पेन उचललं.

"नको. मीच लिहिते."

तिने उभ्याउभ्या दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी आवक क्रमांक टाकला. दुसरं काय करणार होतो?