महानंदाबाईंच्या ताटाचा फोटो

महानंदाबाईंना साखर निघाली आणि शिवानंदअप्पांची एक भाकरी बंद झाली. बेंबळीतल्या त्या घरात पहिले काही दिवस यात कुणाला काही चुकलं असं वाटलं नाही. फक्त अप्पांना वाटलं, पण भुकेल्या माणसाच्या मताला घरात फारशी किंमत नसते.

झालं होतं असं. धाराशिवच्या डॉक्टरांनी महानंदाबाईंचा रिपोर्ट वर धरला, खाली धरला आणि म्हणाले, "जेवणानंतरची साखर दोनशे चाळीस. गोळी देतो, पण निम्मं काम गोळीचं, निम्मं ताटाचं. तीन महिन्यांत उतरली नाही तर इन्सुलिन सुरू करावं लागेल."

"सुई मी घ्यायची न्हाय," महानंदाबाई म्हणाल्या.

"ती काही शिक्षा नसते, बाई."

"नसू द्या. मी घ्यायची न्हाय. ताटाचं काय करायचं ते सांगा."

डॉक्टरांनी ताटासाठी त्यांना शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं श्रावस्ती नावाची आहारतज्ज्ञ बसायची. वय लेकीएवढं, बोलणं मऊ, पण नजर अशी की आपण सकाळी चहात किती साखर घातली ते तिला कळलंय असं वाटावं. तिनं सांगितलं, "काकू, रोज दुपारी तुमच्या ताटाचा फोटो पाठवायचा. एक बरोबर वरून, एक जरा बाजूनं. वरून पसारा कळतो, बाजूनं उंची कळते. जेवायच्या आधी एक जोडी आणि जेवून झाल्यावर एक फोटो. काय उरलं तेही बघायला लागतं."

"आमच्यात ताटात उरवत न्हायत," महानंदाबाईंनी तिला जागेवरच सुधारलं.

घरी येऊन त्यांनी झंपराच्या टेपनं ताट मोजलं. बारा इंच भरलं. माप कळवलं. दुसऱ्या दिवशी ताट वाढलं, आधीचा फोटो काढला. जेवण झालं, चाटूनपुसून लख्ख ताटाचा नंतरचा फोटो काढला. सगळं सांगितल्याबरहुकूम.

फोन आला. "काकू, ताट बारा इंची म्हणजे भाकरी नऊ इंचांची दिसतेय, आणि जाडीही बरी आहे. असल्या एका भाकरीत नव्वद ग्रॅमच्या आसपास पीठ जातं. तीनशे कॅलरी. अशा दोन. वाटीभर भात, एकशे नव्वद. आमटी धरू एकशेवीस. वांग्याला तेल किती घालता? तेल फोटोत दिसत नाही, ते विचारावंच लागतं."

"पळीभर."

"किती जणांच्या भाजीत?"

"आमी तिघं."

"मग वांग्याचे दोनशे. आणि ती शेंगदाण्याची चटणी, वर तेल घेतलंय ना? दोन चमचे तरी आहे. तिचे दीडशेच्या पुढं. एका जेवणाचे बारा-तेराशे झाले, काकू! शंभर-दोनशे इकडंतिकडं होतील, फोटो म्हणजे काही तराजू नाही. पण जास्तच आहे. ताटातली एक भाकरी कमी करा, भात निम्मा, चटणी एकच चमचा."

महानंदाबाईंनी आज्ञा पाळली. ताटातली एक भाकरी कमी केली.

महानंदाबाईंच्या यजमानांचं, अप्पांचं, खताचं दुकान. दुपारी ते घामाघूम होऊन घरी आले, पाटावर बसले आणि ताटाकडे पाहत राहिले.

"हे काय हाय?"

"जेवण."

"मला दिसतंय जेवण हाय. बाकीचं कुठं हाय?"

"दवाखान्यातल्या बाईनी ताटातलं कमी करायला सांगितलंय."

"साखर तुला झाली का मला?"

"मला झाली. पण ताट एकच हाय न्हवं!" महानंदाबाई म्हणाल्या आणि फोटो काढायला वाकल्या. "जरा गुडघा मागं घ्या. फोटूत येतोय."

ताट खरंच एकच होतं. लग्न होऊन आल्यापासून अप्पा आधी जेवत, आणि त्याच ताटात मागून महानंदाबाई बसत. सासूबाई नागम्मा यांनीही तेच केलं होतं, आणि त्यांच्या सासूनंही. त्यामुळं श्रावस्तीनं 'तुमचं ताट' म्हटल्यावर बाईंच्या डोळ्यांपुढं दुसरं कुठलं ताट येणारच नव्हतं. आधीचा फोटो अप्पा बसण्याआधी निघे, नंतरचा महानंदाबाई उठल्यावर. मधल्या वेळेत ताटाचं काय काय होत होतं ते कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आता अप्पांची वाचलेली भाकरी दुरडीत राहू लागली. निम्मा भात पातेल्यात राहू लागला. आणि अन्न टाकायचं नाही, हा त्या घरचा कडक नेम होता. तो कोण पाळत असेल, हे सांगायची गरज नाही.

पुढच्या तपासणीला दोघं मिळून धाराशिवला गेले. महानंदाबाईंची साखर दोनशे अडुसष्ट निघाली. वजन किलोभर वाढलं होतं.

श्रावस्तीनं मोबाइलवर फोटो पुढं सरकवले, मागं सरकवले. "काकू, ताट तर आठशेच्या आसपास आलंय. मग वजन वाढतंय कसं? मधे काही खाता का?"

"देवाशपथ न्हाय!"

"हिचं जाऊ द्या," शिवानंदअप्पा उसळले. इतका वेळ ते एका हातानं विजार धरून बसले होते. "माझं वजन करा आधी! नाडी बांधून बांधून कमरेला वळ उठलेत. दुकानात गिऱ्हाईक इचारतंय, अप्पा, आजारी हाव का? मी म्हनतो, न्हाय बाबा, बायकोला साखर हाय!"

श्रावस्तीनं खरंच वजन केलं. दुकानातल्या काट्यावर पूर्वी भरायचे त्यापेक्षा अप्पा अडीच किलोंनी उतरले होते. तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, "काकू, या फोटोतल्या ताटात जेवतं कोण?"

"आदी हे. मग मी."

"तुम्ही म्हणजे, त्यांचं झाल्यावर उरलेलं?"

"उरलेलं, आन टोपल्या-पातेल्यात असंल ते. मी काय वेगळं खाते? उरलंसुरलं."

श्रावस्तीनं डोळे मिटले. बहुतेक हसू आवरत होती. पण उघडले तेव्हा चेहरा सरळ होता. "उद्या काहीही बदलू नका. रोज खाता तेवढंच खा. फक्त खाण्याआधी सगळं एका ताटात वाढून घ्या आणि त्याचा फोटो पाठवा."

"उष्ट्याचा फोटू कोन काडतं का?"

"मी काढायला सांगतेय. डॉक्टर पुढच्या वेळी इन्सुलिनची चिठ्ठी लिहिणार आहेत. मला त्याआधी तुमचं ताट बघायचंय. तुमचं."

दुसऱ्या दिवशी अप्पा दुकानात परतल्यावर महानंदाबाईंनी फळीवरचं नागपंचमीला निघणारं ताट काढलं. त्यात दुरडीतल्या भाकऱ्या ठेवल्या. दोन निघाल्या. भात खरवडला, तो दीड वाटी झाला. आमटी ओतली तेव्हा दिसलं, वरचा सगळा तेलाचा तवंग शेवटाला राहिलेला. अप्पांना वाढताना डाव खालून घातला जातो, तवंग मागं राहतो. वांग्याचा रस्सा, तोही तेलात पोहणारा. चटणीच्या वाटीतलं तळाचं तेल भाकरीवर पुसून घेतलं. असं सगळं एका जागी आलं आणि महानंदाबाई ताटाकडे पाहतच राहिल्या. एवढी वर्षं त्यांनी हे घासाघासानं, उभ्यानं, वाकून, एका भांड्यातून दुसऱ्यात रिकामं करत खाल्लं होतं. असं समोरासमोर कधी भेटलंच नव्हतं.

"अगं यव्वा," दारातून नागम्मा म्हणाल्या, "कोन पाव्हणा आलाय?"

"मीच हाय, आत्या."

फोटो गेला. उत्तर आलं: "साडेतेराशे ते चौदाशे. काकांच्या जुन्या ताटापेक्षा जास्त."

श्रावस्तीनं फोन केला तर महानंदाबाईंचा आवाज चढलेला होता. "म्हंजे मी खादाड हाय म्हना की!"

"अजिबात नाही. उरलेल्याचं माप तुमच्या हातात नसतं, काकू. ते घरातले बाकीचे ठरवतात. ते कमी जेवले की तुमची साखर वाढणार. तुमचं माप तुम्हाला ठरवायचं असेल, तर एकच उपाय आहे. आधी तुमचं ताट वाढून घ्यायचं."

"आदी म्हंजे?"

"सगळ्यांच्या आधी."

महानंदाबाईंनी फोन ठेवला. चूल नाही, गॅसच होता, पण फुंकर घातल्यासारखा एक श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी अप्पा दुपारी घरात आले तर पाटावर महानंदाबाई बसलेल्या. समोर नागपंचमीचं ताट. एक भाकरी, अर्धी वाटी भात, वाटीभर आमटी, मोजून घेतलेलं वांगं, काकडीच्या चकत्या. वरून फोटो काढून झाला होता, बाजूनं चालला होता.

"वाढ," अप्पा म्हणाले.

"बसलीय मी."

"दिसतंय. मला वाढ म्हनतोय."

"माझं हुतंय अजून."

नागम्मांनी काठी आपटली. "बाप्यामानसाच्या आदी? आमच्यात असं कुनी केलं न्हाय बाई!"

"म्हाईत हाय, आत्या. म्हनूनच तुमालाबी साखर हाय." महानंदाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "माझं ताट चौथ्या हाताला येतंय. आदी ह्यांच्या हाताला, मग टोपल्याच्या, मग पातेल्याच्या. आन सुई मात्र माझ्याच दंडात! न्हाय जमायचं."

"लोक काय म्हंतील?" अप्पा म्हणाले.

"लोकांना फोटू पाठवते."

दुकानात उधारीवर खत नेणाऱ्यांना अप्पा एका वाक्यात गप्प करत. इथं मात्र पोट आधी बोललं. "बरं, जेव. पर निदान भाकरी तरी टाक माझ्या ताटात."

महानंदाबाईंनी उजवा हात वर करून दाखवला. बोटांना आमटी लागलेली. "हात खरकटा हाय. दुरडी तिथं हाय. दोन घ्या, तुमची बंदी उठली."

अप्पांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि दुरडी उचलली. आमटी वाढताना त्यांनी डाव वरूनच घातला. सगळा तवंग त्यांच्या वाटीत आला. महानंदाबाईंनी ते पाहिलं आणि काकडीची चकती उचलली. अडीच किलो भरून यायचेच होते.

जेवण संपलं. दुरडीत एक भाकरी उरली. तिघांनीही तिच्याकडे पाहिलं. वर्षानुवर्षांच्या सवयीनं अप्पांची आणि नागम्मांची नजर तिथून फिरून महानंदाबाईंवर आली.

"न्हाय," महानंदाबाई म्हणाल्या. "माझं जेवन झालंय."

"मग तिचं काय करायचं?" नागम्मांनी विचारलं.

"ती घराची हाय, आत्या. घरानं बघावं."

त्यांनी रिकाम्या ताटाचा फोटो काढला आणि पाठवून दिला. मग आपलं ताट आपण धुतलं, आणि फळीवर नेऊन ठेवायच्याऐवजी खाली, रोजच्या ताटांत, सगळ्यांच्या वर ठेवलं.