पहिला शब्द

धा तिं तिं ता

शालनबाईंनी उजवी तर्जनी डाव्या तळहातावर टेकवली आणि शेजारच्या पोरीकडं पाहिलं.

"ही सम. आता मोज."

पोरीचं नाव कस्तुरा. लग्न होऊन परभणीकडून आलेली, नवरा कंपनीत वेल्डर. तो पुढं खुर्च्या मांडायच्या गडबडीत होता. कॉलनीच्या हॉलमध्ये गाणं सुरू झालं होतं आणि सतरंजीवर ती एकटीच बसली होती, म्हणून शालनबाईंजवळ सरकली.

"मावशी, माना कुठं हलवायच्या ते सांगा. मी नुसतीच हलवायलेय."

"सोळा मात्रांचं चक्र हाय. चार-चारचे चार वाटे. पहिल्या मात्रेला सम, तिथं टाळी. दुसऱ्या वाट्याला टाळी. तिसऱ्याला हात नुसता उघडायचा, ती खाली. चौथ्याला परत टाळी. मग फिरून सम."

"आणि खाली ओळखायची कशी?"

"तिथं डग्गा गप्प होतो. डाव्या हाताचा मोठा. घुमत न्हाई."

कस्तुरानं तळहात पुढं केला.

ता धिं धिं धा

हे सगळं शालनबाईंच्या नवऱ्यानं, आबाजींनी शिकवलेलं. मोशी गावची, भजनातल्या टाळांपलीकडं काही न ऐकलेली बायको त्यांनी पहिल्यांदा गाण्याला आणली तेव्हा ती कंटाळून पेंगली होती. पुढच्या वेळी त्यांनी तिचा हात मांडीवर घेतला. गायकानं चीजेचा, म्हणजे बंदिशीचा, पहिला शब्द उचलला की तिच्या तळव्यावर त्यांचं बोट टेके. चारचौघांत एवढं जवळ ते फक्त गाण्यातच बसत.

दोघं दाराशी बसत, कारण आबाजींची कंपनीत तिसरी पाळी असली की मध्येच उठावं लागे. पुढचे लोक माना हलवत तेव्हा आबाजी हसून तिच्या कानाशी येत.

"बघ, आत्ता कळलं त्यांना. यांची शिफ्टच उशिरा लागते."

त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. आज ती पहिल्यांदा एकटी आली होती. घरी त्यांच्या आठवणी होत्या. पण त्यांचं बोट फक्त इथंच टेकत होतं.

धा धिं धिं धा

"मावशी," कस्तुरा कुजबुजली, "डग्गा तर आत्ताच गप्प झाला की."

"कुठं?"

"तुम्ही सम म्हणलात ना, त्याच्या लगेच मागं. आन् तुम्ही हात उघडता तिथं तर चांगला घुमायलाय."

"नीट ऐक."

दोघींनी ऐकलं. गायकानं पहिला शब्द उचलला. शालनबाईंनी टाळी दिली. त्याच्या मागोमाग डग्गा मिटला, नुसता उजवा तबला टिणटिणत राहिला. मग डग्गा परतला, शब्द पुढं सरकला, आणि बरोबर जिथं त्यांचा हात उघडायचा तिथं गायकाचं एक अक्षर जोरानं पडलं.

गायकानं तबलजीला खूण केली. पेटी चीजेची पहिली ओळ, मुखडा, धरून राहिली आणि तबला सुटला. मग तबलजीनं एकच तुकडा घेतला. तोच पुन्हा. तोच तिसऱ्यांदा. तिसऱ्याचा शेवटचा धा पडला आणि अख्खा हॉल एकदम झुकला. वाह म्हणाला. गायकानं तबलजीकडं पाहिलं, तबलजीनं गायकाकडं.

शालनबाईंचा हात तेव्हा उघडा होता.

धा धिं धिं धा

आणखी एक आवर्तन गेलं. आणखी एक. चीज खालीपासून सुरू होत होती. पहिला शब्द म्हणजे पहिली मात्रा नव्हती. तो समेकडं निघालेला होता. एवढंच.

इतकी वर्षं लोक समेवर वेळेवरच येत होते.

"मावशी? मग सम कुठली धरायची?"

शालनबाईंनी तिचं बोट धरलं, जोरदार अक्षराची वाट पाहिली आणि तिच्याच तळव्यावर टेकवलं.

"इथं. मी चुकले. सुरुवातीपासनं चुकत होते."

"कुणी शिकवलेलं तुम्हाला?"

"आमच्या ह्यांनी."

"त्यांना यायचं का चांगलं?"

"त्यांचं कधी चुकलं न्हाई." त्यांनी पदर सारखा केला. "माझंच ध्यान नसायचं."

"मग रागवायचे नाहीत?"

"न्हाई. बोलले न्हाईत कधी."

धा तिं तिं ता

कस्तुरा आता मोजत होती, ओठ हलवत. तिची मान सगळ्यांबरोबर समेवर पडली; पुढून तिच्या नवऱ्यानं वळून पाहिलं, आणि ती लाजून हसली.

गायकानं पुन्हा पहिला शब्द उचलला. पदराखाली शालनबाईंचं बोट तळव्यावर टेकलं.

लोक समेवर यायला अजून आठ मात्रा होत्या.