दुपारची षष्ठी

आमच्या घरी तिथी विचारायची ती अनंतरावांना. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, चंद्राच्या कला फळ्यावर काढून दाखवल्या, पण आज पंचमी की षष्ठी हे मला कधी सांगता आलं नाही. गरजच पडली नाही. सकाळी चहाचा कप हातात घेऊन हे स्वयंपाकघराच्या दारातल्या कॅलेंडरपुढे उभे राहायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि घरभर ऐकू जाईल असं सांगायचे, "वद्य तृतीया, रात्री नऊपर्यंत. संकष्टी आज नाही, उद्या." ऐकायला कुणी असो वा नसो.

पाटबंधारे खात्यातले त्यांचे सहकारी मोतीराम पाचोडहून फोन करून विचारायचे. सिडकोतल्या आमच्या गल्लीतल्या बायका कुंपणापलीकडून विचारायच्या. मला त्याचा रागच यायचा. कॅलेंडर सगळ्यांच्या घरी होतं. वाचता सगळ्यांना येत होतं. मग याच माणसाचा चहा का गार व्हावा?

ते गेल्यावर तीन दिवसांनी लक्षात आलं, की आज कुठली तिथी आहे ते घरात कुणालाच ठाऊक नाही.

पहिली दोन वर्षं गुरुजी होते, त्यांनी यांच्या तिथीचा दिवस सांगितला. मग गुरुजी मुलाकडे नाशिकला राहायला गेले. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी कॅलेंडरातली ती मुंगीएवढी अक्षरं मला चष्मा लावूनही दिसेनात. तेव्हा सुनेनं, मनस्विनीनं, मला वाढदिवसाला स्मार्टवॉच दिलं. पावलं मोजायला. मी म्हटलं, पावलं मला माहीत आहेत, तिथी सांगत असेल तर हातात घालते.

अमेय, माझा मुलगा, चिकलठाण्याला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. त्यानं ते फारच मनावर घेतलं. महिनाभर सुट्टीचे दिवस घालवून त्यानं घड्याळाची नवी तबकडी बनवली. वर मोठ्या आकड्यांत वेळ, खाली महिना, पक्ष, तिथी, आणि त्याखाली ती तिथी किती वाजेपर्यंत आहे ते. सण असला की आदल्या दिवशी मनगटावर गुरगुरायचं.

पहिल्याच श्रावणात त्या तबकडीनं माझी करमणूक केली. राखी पौर्णिमा झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळात भाद्रपद. माझे दोन श्रावणी सोमवार गिळले की यानं. अमेयला दाखवलं तर तो डोकं खाजवायला लागला. आकडेमोड त्यानं उत्तरेकडच्या कुणाचीतरी आयती घेतली होती. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. म्हणजे वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्यापुढे एक. पुढच्या रविवारी त्यानं ते बदललं आणि मला माझा श्रावण परत मिळाला.

मग संकष्टीचा घोळ झाला. घड्याळ सूर्योदयाची तिथी धरत होतं. मी सांगितलं, अरे, संकष्टीला चंद्र उगवताना चतुर्थी असावी लागते, तुझे बाबा दर महिन्याला बोंबलून सांगायचे. तेव्हा त्यानं प्रत्येक सणापुढे एक रकाना केला, तिथी केव्हाची बघायची त्याचा. सूर्योदय, चंद्रोदय, गोकुळाष्टमीला मध्यरात्र. मला तो रकाना मोठ्या कौतुकानं दाखवला. त्याच्या बाबांसारखाच चष्मा कपाळावर चढवून. मला भरून आलं, पण मी म्हटलं, "आता जेवायला चल."

त्याखाली त्यानं आणखी एक यादी केली होती, 'घरचे दिवस' नावाची. त्यात नवरात्रातली आमची कुळाची पूजा, नातवाचा तिथीनं वाढदिवस आणि शेवटी 'बाबांची तिथी, मार्गशीर्ष वद्य षष्ठी'.

परवाच्या मंगळवारी सकाळी घड्याळ गुरगुरलं. 'उद्या बाबांची तिथी.' मला माहीतच होतं. अमेयनं बुधवारची रजा टाकली होती, मोतीरामांना बुधवारचं जेवायला सांगून झालं होतं. वड्यांची डाळ रात्री भिजवायची होती. मंगळवार मोकळा होता म्हणून मी खिचडीचा कुकर लावला आणि गवार निवडत बसले.

दोन शिट्ट्या झाल्या. किती वाजले म्हणून मनगट वळवलं. बारा वाजून एकोणीस मिनिटं. खाली लिहिलं होतं, 'मार्गशीर्ष वद्य षष्ठी'.

सकाळी पंचमी होती. '१२:१८ पर्यंत' हेही मी सकाळी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि डोळ्यांदेखत तिथी बदललेली बघणं वेगळं. गवार हातात तशीच राहिली. आणि मला एकदम ते भांडण आठवलं.

वीसेक वर्षं झाली असतील. सासऱ्यांची तिथी होती. कॅलेंडरात ती गुरुवारच्या चौकटीत छापलेली, म्हणून मी गुरुवारची रजा मांडली. बुधवारी शाळेचं स्नेहसंमेलन, सगळा कारभार माझ्याकडे. आणि बुधवारी सकाळी हे कॅलेंडरपुढे उभे राहून म्हणाले, "दमू, तिथी आज आहे." मी चिडले. कन्नडचे त्यांचे चुलतभाऊसुद्धा गुरुवारीच करणार होते. मी म्हटलं, छापणारे मूर्ख, भाऊ मूर्ख, शहाणे तेवढे तुम्ही. तुम्हाला माझ्या रजेशीच वैर. ते म्हणाले, "सण सूर्य उगवताना बघायचा. पितरांचं दुपारी, जेवणाच्या वेळेला. उद्या दुपारी ही तिथी उरत नाही." मी "तुमचंच खरं" म्हणून पर्स उचलली आणि शाळेत निघून गेले. लग्नात मला तेवढं एक वाक्य फार चांगलं म्हणता यायचं.

संध्याकाळी आले तर यांनी एकट्यानं सगळं केलेलं. खीर खाली लागली होती, भात गिच्च झाला होता. माझं ताट झाकून ठेवलं होतं. मी ते जेवले, पण चार दिवस बोलले नाही.

मी कुकर बंद केला आणि फोनवरची अमेयची यादी उघडली. बुधवारपुढे लिहिलं होतं, 'षष्ठी, १२:०५ पर्यंत'. म्हणजे उद्या सूर्य उगवेल तेव्हा षष्ठी, पण यांचं पान वाढायच्या वेळी सप्तमी. माझ्या हातावर षष्ठीची एकच दुपार होती आणि ती सुरू झाली होती. मला रडू यायला लागलं. तिसऱ्याच वर्षी मी त्यांचा दिवस चुकवायला निघाले होते. ज्यांनी गावाचे दिवस सांभाळले, त्यांचा.

अमेयला फोन लावला. मी काय सांगतेय ते त्याला आधी कळेना. मग म्हणाला, "आई, घरच्या दिवसांना मी तो रकानाच दिला नाही. तिथं सगळं सूर्योदयावर आहे." आणि लगेच विचारलं, "किती वाजेपर्यंत चालेल?"

"पावणेचारच्या आत, गुरुजी तेवढीच वेळ द्यायचे. तू दोनपर्यंत ये."

"निघालो."

मोतीरामांना फोन केला. ते आता मुलाकडे इथंच हर्सूलला असतात.

"वहिनी, उद्याचं बोल्ला होता ना तुम्ही?"

"चुकलं भाऊ. दुपारची षष्ठी आज आहे."

"मग व्हय, आजच. साहेब असते तर मला सकाळीच सांगितलं असतं," ते म्हणाले. "येतो मी. लई काही करू नका."

लई काही करायला वेळ होता कुठे? डाळ भिजलेली नव्हती, म्हणून वडे नाहीत. तांदळाची खीर चढवली, गवार फोडणीला टाकली, आमसुलाची चटणी वाटली. वरणभाताला दुसरा कुकर लावला. खिचडी तशीच राहिली. घाईत खीर जराशी खाली लागली. वासावरून कळलं मला. मी पातेलं उतरवलं आणि त्या वासात दोन मिनिटं नुसती उभी राहिले. वीस वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी घरात हाच वास होता.

अमेय दोनच्या आत आला. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच. अंघोळ करून, सोवळं नेसून त्यानं पान मांडलं. मोतीराम बाहेरच्या खोलीत टोपी मांडीवर ठेवून बसले होते. अमेयनं गच्चीवर घास ठेवला. कावळा आला नाही लगेच. आम्ही तिघं कठड्याशी उभे. मोतीराम हळूच म्हणाले, "साहेबांना घाईत काही केलेलं पटत नव्हतं. टायमिंग बघत असतील." अमेय हसला, मीही हसले आणि तेवढ्यात पाण्याच्या टाकीवर एक कावळा येऊन बसला.

जेवताना मोतीरामांनी खीर दोनदा घेतली. लागलीय म्हणून मी सांगितलं, तर म्हणाले, "नाय, चांगली झालीय." त्या संध्याकाळी मी यांच्या खिरीला हे म्हटलं असतं तर माझं काय गेलं असतं?

मोतीराम गेल्यावर अमेय लॅपटॉप घेऊन बसला. घरच्या दिवसांना त्यानं रकाना जोडला आणि बाबांच्या तिथीपुढे 'दुपार' लिहिलं. मग पुढच्या दहा वर्षांच्या तारखा काढल्या आणि मला वाचून दाखवल्या. त्यातल्या चार वर्षांत तिथी कॅलेंडरातल्या चौकटीच्या एक दिवस आधी येत होती.

"गुरुजींनी पहिल्या दोन वर्षांत बरोबर सांगितलं होतं का, तेही बघितलं," तो म्हणाला. "बरोबर होतं. आई, हे बाबांनी मला कधी सांगितलं नाही गं."

"सांगितलं असेल. सकाळी मोठ्यानं सांगायचे ना. आपण ऐकत नव्हतो."

त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि उगाचच पडद्याकडे बघत राहिला.

मी आत गेले. यांच्या फोटोपुढचं पान अजून तसंच होतं. घड्याळात तीन वाजून चाळीस मिनिटं, खाली मार्गशीर्ष वद्य षष्ठी. मी पाटाशी बसले.

"तुमचंच खरं," मी म्हटलं. पहिल्यांदाच मनापासून म्हटलं, आणि ऐकायला ते नव्हते.