जन्मतारखेच्या आधीचा भाचा

माझ्या भाच्याला नवजात कक्षातून मुलांच्या वॉर्डात हलवलं, तिथे तो गारठला आणि त्याला परत आणलं. असं काही घडलंच नाही, असं रुग्णालय म्हणतं. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

तर काहीही घडलं नाही त्या सकाळी भाच्याला अठ्ठावीस दिवस पूर्ण झाले होते. तो दोन महिने आधी आलेला, ओंजळीत मावेल एवढा, काचेच्या उबदार पेटीत. पण कॉम्प्युटरला फक्त जन्मतारीख कळते. अठ्ठावीस दिवस नवजात, पुढे दोन वर्षांचा होईपर्यंत शिशु. भाचा झोपेतच शिशु झाला आणि कॉम्प्युटरवर पेटी रिकामी दिसू लागली. ती दुसऱ्या बाळाच्या नावावर लागलीसुद्धा.

ताई पेटीपाशी रडत बसली. आई आणि मी नोंदणीच्या खिडकीवर गेलो.

"गट बदलता येत नाही," कारकून म्हणाला. "आपोआप पडतो."

"अहो, पोर अजून आईच्या पोटात असायला हवं होतं," आई म्हणाली.

"पोटातल्यांची नोंद आईच्या नावावर असते."

"मग टाका माझ्या लेकीच्या नावावर."

"त्या प्रौढ आहेत. प्रौढांना पेटी मिळत नाही."

तेवढ्यात डॉक्टर आले. "बाळंतपणाची ठरलेली तारीख अजून महिनाभर पुढे आहे. आधी जन्मलेलं बाळ त्या तारखेनंतरही चार आठवडे नवजातच धरायचं."

"म्हणजे आज वय उणे एक महिना? उण्याला जागा नाही, डॉक्टर."

"शून्य टाका."

"मग आज जन्मला असं होतं. बाळंतपण कोणी केलं, असं कॉम्प्युटर विचारतो."

आईने खिडकीच्या फळीवर हात आपटला. "माझंही गुडघ्याचं कार्ड आहे इथे. मी कोण?"

"सदुसष्ट. वृद्ध."

"वृद्धांना काय देता?"

"पडू नये म्हणून पलंगाला कठडा."

"तो लाव तुझ्या कॉम्प्युटरला. मी ढकलणार आहे त्याला."

हे चालू असताना वॉर्डबॉयने भाच्याला हलवलंही होतं. शेजारी पाय प्लास्टरमध्ये घातलेला एक किशोर, डोक्यावर गरगरणारा पंखा. ताईची हाक ऐकून आम्ही धावलो, तेव्हा भाच्याचे पाय बर्फासारखे होते. डॉक्टरांनी त्याला शर्टाच्या आत छातीशी धरलं आणि पळत पेटीत परत नेलं. दुसरं बाळ अजून पोचलं नव्हतं, हे आमचं नशीब.

हलवल्याची नोंद संध्याकाळी पुसली गेली. आता नोंदीप्रमाणे पेटी त्या दुसऱ्या बाळाची आहे आणि तिच्यात माझा भाचा आहे. उद्या तो आणखी एका दिवसाने मोठा शिशु होईल. म्हणून आईने दात-ओठ खात सांगितलं आणि मी लिहिलं:

"तरी सदर बालक ठरलेल्या तारखेपर्यंत जन्मलेले नाही असे समजण्यात यावे, व तोपर्यंत त्याच्या पेटीतील वास्तव्यास मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती."