करंगळीचं उत्तर

दिग्विजयच्या आईबापानं नाव मोठं ठेवलं होतं, पण या माणसाला आजवर एकच गोष्ट जिंकता आली होती, आणि ती म्हणजे योगिनी. जिंतूरकडच्या आठ-दहा स्थळांना मागे सारून ती त्याच्या वाट्याला आली. चाकणच्या मेदनकरवाडीत भाड्याची खोली, त्याची लेथवरची नोकरी, तिची गाड्यांच्या वायरी बांधायच्या कंपनीतली लाइन. सुखाला आणखी काय लागतं? पण जिंकलेली वस्तू कुणी नेईल या धास्तीनं जो झोपत नाही, त्याला सुखाचा काय उपयोग?

दोघांची एक सवय होती. रस्ता ओलांडताना दिग्विजय आपली करंगळी तिच्या डाव्या करंगळीत अडकवायचा. नाशिक रस्त्यावर कंटेनरांची रांग चाललेली, त्यात हात धरून चालणं त्याला लाजेचं वाटे, पण करंगळी कुणाला दिसत नाही. मग योगिनी आपली करंगळी हळूच दाबायची. लग्न झाल्यापासून हा त्यांचा निरोप होता. तोंडानं तो कधी काही बोलला नाही, त्याला बोलता येतही नव्हतं.

होळीला दाबली होती. पाडव्याच्या बाजाराला गेले, तेव्हा नाही.

त्यानं पुन्हा अडकवली. तिची करंगळी लोंबत राहिली आणि ती श्रीखंडाचा डबा कुठला घ्यायचा याचंच बोलत होती. त्या दिवशी दिग्विजयच्या पोटात जी आग पडली, ती काही केल्या विझेना.

मग संशयाला पाय फुटले. संध्याकाळी मोबाइल बघत बसल्यावर तो तिच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, बोट फिरवायचा. पूर्वी ती "अहो, गुदगुल्या होतात," म्हणून हात ओढायची. आता बोट फिरतंय हेसुद्धा तिच्या गावी नसायचं. बरं, तिथंच एक फिकट चट्टा आला होता, रुपयाएवढा, आजूबाजूच्या सावळ्या कातडीत पांढुरका आणि कोरडा. चट्ट्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्याचं लक्ष होतं ते तिच्या चेहऱ्याकडे, आणि तिथं त्याला काहीच उमटताना दिसत नव्हतं.

मे महिन्यात ती हातावर पट्टी लावून आली. "हे काय?" त्यानं विचारलं.

"गरम हवेची ती हीट गन लागली वाटतं. फोड आलाय. मला कळलंच नाही, जयदीप सरांनी बघितलं. त्यांनीच मलम आणून दिलं."

जयदीप हा तिचा सुपरवायझर. पिंपळे गुरवला स्वतःचा फ्लॅट, इस्त्रीचा शर्ट, आणि 'योगिनीताईंसारखा हात लाइनवर दुसरा नाही' असं सगळ्यांदेखत म्हणणारा. आता बायकोला 'ताई' म्हणणाऱ्या माणसाचा मत्सर करायला वेगळीच अक्कल लागते, ती दिग्विजयकडे भरपूर होती.

"अंगावर फोड येतो अन् माणसाला कळत नाही?"

"नाही कळलं. खोटं कशाला सांगू?"

"मलम त्यानं लावलं का तू?"

योगिनीनं त्याच्याकडे बघितलं आणि कणीक मळायला घेतली. या न मिळालेल्या उत्तरावर तो पुढचे कित्येक दिवस जळत राहिला.

चट्टा मात्र जाईना. योगिनीच म्हणाली, "भोसरीला चामडीचे डॉक्टर आहेत, दाखवून येते." त्यानं दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर पुरुष, वयानं तरुण, आणि फोनवरची बाई म्हणाली, हात लावून तपासल्याशिवाय डॉक्टर काही सांगत नाहीत. झालं! हात लावून! त्यानं फोन ठेवला.

"जायचं काही काम न्हाई. आता सगळं मोबाइलवर होतंय. फोटो धाडतो मी."

खिडकीपाशी उजेडात तिचा हात धरून त्यानं चांगले चार फोटो काढले. फोटो झकास आले, त्यात खोट काढायला जागा नव्हती. ऑनलाइनच्या डॉक्टरीणबाईंनी प्रश्न पाठवले. कधीपासून आहे? खाज आहे? आणि तिसरा: डागावर स्पर्श कळतो का?

योगिनी तेव्हा नळावर होती. हाक मारली असती तर आली असती. पण दिग्विजय त्या तिसऱ्या प्रश्नापाशी थांबला आणि त्याचं टाळकंच फिरलं. स्पर्श कळतो का म्हणजे? माझ्या बायकोला माझा स्पर्श कळत नाही, हे मी परक्या बाईला लिहून देऊ? न कळायला ती काय दगड आहे? कळतो, सगळं कळतं, फक्त दाखवत नाही. त्यानं लिहिलं, 'हो, कळतो.'

बुरशीवरचं मलम आलं. दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर प्रत्यक्ष दाखवा, असंही खाली लिहिलं होतं. ते वाचून त्यानं मोबाइल खिशात टाकला. हे उंटावरून शेळ्या हाकणं बाईंनी नाही केलं, यानं केलं. बाईंनी तर बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

योगिनी इमानानं मलम चोळत राहिली. चट्टा तसाच, वर तिच्या हातून वायरींच्या क्लिपा निसटू लागल्या. लाइन तुंबायला लागली. ओव्हरटाइमनं हात भरून येतोय, असं ती म्हणायची. जुलैत जयदीपनं तिला पुढच्या महिन्यात पॅकिंगला बसवायचं ठरवलं, म्हणजे पगार कमी आणि मान त्याहून कमी. ती रडली. आणि दिग्विजय? मनात म्हणाला, बरं झालं, त्याच्या नजरेसमोरून तरी हलेल. इतका तो नालायक झाला होता.

त्याच आठवड्यात कुष्ठरोग शोधायची मोहीम वाडीत आली. आशा सेविका कुसुमताई घरोघर फिरत होत्या, सोबत एक पुरुष स्वयंसेवक, तो पुरुषांना बघायचा आणि कुसुमताई बायकांना. दिग्विजयनं दारातच सांगितलं, "दाखवलंय आम्ही. औषध चालू हाय."

"कुणाला दाखवलं?"

"फोटो पाठवला होता."

"फोटुला चिमटा काढला तर फोटु वरडतोय व्हय?" कुसुमताई म्हणाल्या आणि त्याला बाजूला सारून आत गेल्या. चट्टा बघून म्हणाल्या, "मी काय डाक्तर न्हाई. पण हे उद्याच सरकारी दवाखान्यात दाखवायचं. म्या येते संगं."

दवाखान्यात डॉक्टर रमीज होते. तरुण, देखणे, आणि मराठी बोलण्यात साखर. दिग्विजय खुर्ची ओढून अगदी टेबलाला खेटून बसला.

डॉक्टरांनी कापसाचं टोक पिळून बारीक केलं. आधी तिचे डोळे उघडे असताना दाखवलं, "असा कापूस लावेन. जिथं लागेल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं. आता डोळे मिटा."

योगिनीनं डोळे मिटले. डॉक्टरांनी दंडाला कापूस टेकवला. तिनं नेमकं तिथं बोट ठेवलं. मनगटापाशी अंगठ्याच्या बाजूला टेकवला. बरोबर बोट. दिग्विजय टेबलावर ओणवला. कापसाएवढा परक्याचा स्पर्श, आणि बोट कसं धावतं!

मग कापूस चट्ट्यावर आला. योगिनी बसून राहिली. डॉक्टरांनी पुन्हा टेकवला, जागा बदलून टेकवला. मिटल्या डोळ्यांनी ती नुसती वाट बघत होती. "लावा ना डॉक्टर," ती म्हणाली.

दिग्विजयला आधी काय वाटलं सांगू? आनंद वाटला. याच्याही हाताला ती दाद देत नाही! क्षणभरच, पण वाटला. आणि मग तो आनंद विरला, कारण डॉक्टर कापूस टेकवत होते ती जागा त्याच्या ओळखीची होती. तिथंच त्याचं बोट रोज संध्याकाळी फिरत असे.

डॉक्टरांनी दोन्ही कोपरांच्या मागे बोटांनी चाचपलं. डावी नस जाड लागत होती. दोन्ही करंगळ्या बाहेर ताणायला लावून त्यांना आतल्या बाजूला दाब दिला. उजवी टिकली, डावी लगेच आत गेली. करंगळीला कापूसही कळेना.

"हा कुष्ठरोग आहे," ते शांतपणे म्हणाले. "घाबरू नका, पूर्ण बरा होतो. चट्टा एकच आणि नस एकच, त्यामुळे सहा महिने गोळ्या, मोफत मिळतील. एकही चुकवायची नाही. मलमानं हा जाणार नव्हता. फिकट डाग फोटोत दिसतो, पण फिकट डाग दहा कारणांनी येतो. तो बधीर आहे का, हे हात लावल्याशिवाय कळत नाही." मग ते थांबले. "माझी काळजी करंगळीची आहे. नसेचं काम बंद पडून सहा महिने झाले नसतील, तर सूज उतरवायचं औषध देऊन ताकद परत यायची चांगली आशा असते. जितका उशीर, तितकी आशा कमी. करंगळी कधीपासून अशी आहे?"

योगिनी गोंधळली. "काय माहीत. क्लिपा आत्ता निसटायला लागल्या. पण त्याआधी... मला कळलंच नाही हो. वर्षसुद्धा झालं असेल."

"आठवून बघा. याच्यावर औषध ठरतं."

ती आठवत राहिली आणि तिला आठवेना. सगळ्या खोलीत ते ठाऊक असलेला माणूस एकच होता. मत्सरी माणसाचा हिशोब पक्का असतो.

"होळीपर्यंत ठीक होती," तो म्हणाला. "पाडव्यापासून न्हाई."

"इतकं नक्की कसं सांगता?"

"रस्त्यात मी करंगळी धरतो. ती दाबायची. होळीला दाबली. पाडव्याला न्हाई दाबली, त्यानंतर कधीच न्हाई. अन् चट्ट्यावर बोट फिरवलं तर हात वढायची, ते बी बंद झालं."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "म्हणजे चार महिने. वेळेत आलात. औषध आजच सुरू करू."

योगिनीनं मात्र नवऱ्याकडे मान वळवली होती. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला वाटलं..." कुसुमताई खिडकीबाहेर बघू लागल्या. "मला वाटलं, तुझं मन उडालं माझ्यावरनं. त्या जयदीपवर..."

तो घाबरला आणि आता उरलंसुरलंही ओकून मोकळा झाला. "फोटोवाल्या बाईनं विचारलं होतं, स्पर्श कळतो का. मी हो लिहिलं."

"मी कुठं होते तेव्हा?"

"नळावर."

"संशय घेतलात, ते एक वेळ गिळीन," योगिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "पण माझ्या अंगाचं उत्तर तुम्ही दिलंत. मला न विचारता."

घरातला माणूस म्हणून डॉक्टरांनी दिग्विजयलाही सदरा काढायला लावून तपासलं. त्याच्या अंगावर कुठंच काही नव्हतं. त्याला सगळं लख्ख कळत होतं, कापसाचं टोकसुद्धा.

दर महिन्याला तपासणी असे. योगिनीनं कंपनीत जयदीपला स्वतः जाऊन आजार सांगितला, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. क्लिपांच्या लाइनवर परत घ्यायचं की नाही, ते बोट सुधारल्यावर बघू, असं ठरलं. हीट गनपासून तिला लांब ठेवलं. दुसऱ्या महिन्यात करंगळीनं थोडा जोर धरला. हे दिग्विजयला कुसुमताईंकडून कळलं. योगिनी त्याच्याशी भाजी-पाण्यापुरतं बोलत होती, आणि रस्ता ओलांडताना पिशवी डाव्या हातात घेत होती.

तिसऱ्या महिन्यात तो रजा टाकून बरोबर गेला. नाव पुकारलं गेलं तशी योगिनी उठली, मागोमाग तोही उठला. आत डॉक्टर रमीज हसून "या योगिनीताई" म्हणाले, आणि त्याच्या पोटात तीच जुनी आग भडकली. खोड एवढ्यात कुठली जायला?

दारात परिचारिकेनं विचारलं, "हे पण आत येणार का?"

पूर्वी असता तर त्यानंच हो म्हटलं असतं. तो योगिनीकडे बघत उभा राहिला.

"नाही," योगिनी म्हणाली. "बसा बाहेर."

दार लागलं. आत परका हात तिच्या हाताला लागत असणार, आणि कळलं की नाही ते तीच सांगत असणार. दिग्विजय बाकावर बसला. जळत होता, पण बसला.