आठ महिन्यांतच का?

"आठ महिन्यांतच नोकरी का सोडताय, अमरेश?" नव्या फाउंड्रीतल्या मुलाखतीत एचआर पूर्णिमा मॅडमनी विचारलं.

उत्तर मी पाठ करूनच आलो होतो. बहिणीनं चार दिवस घोटून घेतलं होतं. जुन्या कंपनीबद्दल वाईट बोलायचं नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही, नवीन शिकायचंय एवढंच म्हणायचं. मी ते गुळगुळीत वाक्य म्हणून टाकलं.

प्लँटचे मोठे साहेब चनबसाप्पा माझ्या डाव्या हाताकडं बघत होते. दोन बोटांची नखं गेलेली, कातडी काळीनिळी.

"आनि ही बोटं कशानं चेचली?"

"मशीनमध्ये सापडली."

"हातोड्याचा मार मला कळतोय की. खरं सांग, न्हाईतर ऊठ."

माझं डोकं सटकलं. गेलं खड्ड्यात ते पाठांतर!

"मी क्वालिटीला आहे. ओतताना भोकं पडलेल्या चाळीस कास्टिंगवर मी लाल रंग मारला, म्हणजे ती बाद. प्रॉडक्शन मॅनेजर यशराजनं थिनरनं रंग पुसून माल गाडीत भरला. मी गाडी अडवली. त्यानं माझा हात फळीवर दाबून धरला आणि हातोडा घातला. मालकानं मिटवून घ्यायला लावलं. त्याला तीन आठवडे झाले. तो येताजाता रोज कानाखाली देतो आणि हसतो. आता मी डब्याच्या पिशवीत हातोडा नेतोय. तिथं अजून राहिलो तर माझ्या हातून त्याचा खून होईल. म्हणून सोडतोय."

मॅडमचं पेन थांबलं. संपलं सगळं, असंच वाटलं.

चनबसाप्पांनी टेबलावर पालथी मूठ ठेवली. "बाद माल अडवनारा मानूस मला पायजे. डोस्कं फोडनारा नको. नोटीस किती?"

"तीस दिवस."

"उद्या राजीनामा दे. तीस दिवसांत हात उचललास तर हितं यायचं न्हाय. मला लगीच कळतंय. ह्या धंद्यातली समदी एकमेकांना वळकत्यात."

ऑफर लेटर पूर्णिमा मॅडमनी मेलवर पाठवलं. त्या रात्री मी हातोडा माळ्यावर टाकला. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

सकाळी यशराजसमोर राजीनामा ठेवला. त्यानं तो वाचला, फाडला आणि वाळूचे साचे करणाऱ्या सगळ्या मोल्डिंगवाल्यांसमोर माझी चेचलेली बोटं धरून उलटी पिरगाळली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी गुडघ्यावर आलो.

"कुटं चाललाईस रं? बस खाली," तो म्हणाला आणि तोंडावर लाथ घातली.

उजव्या हाताशी, वाळूत, लोखंडी सळई पडली होती. माझी बोटं तिच्यावर गेली. मी ती घट्ट धरली. मग सोडली. तोंडातलं रक्त थुंकलो, उठलो आणि ऑफिसात जाऊन मालकाच्या मेलवर दुसरा राजीनामा पाठवला.

तीस दिवसांतला तो पहिला दिवस होता.