बावीस नाणी

अश्वतीच्या दर वाढदिवसाला मी चार ग्रॅमचं एक सोन्याचं नाणं घेत आले. बावीस वर्षांत बावीस झाली. माझ्या नणंदेचा, रमणी वन्संचा, टोमणा ठरलेला, "लग्नात पोरीच्या गळ्यात काय नाणी बांधणार आहेस?"

लग्न महिन्यावर आलं तशी त्रिशूरच्या मोठ्या दुकानात गेले. वितळवून हार घडवायचा तर घट आणि मजुरी मिळून चार नाण्यांचं सोनं जाईल, म्हणाले. घरी येऊन मी नाण्यांचा डबा कपाटात आपटला.

शेवटी गल्लीतल्या म्हाताऱ्या गोविंदन सोनाराला दाखवली. त्याने एक नाणं कसोटीवर घासलं.

"चोख बावीस कॅरट. वितळवता कशाला, ताई? आपली काशुमाला म्हणजे नाण्यांचीच माळ की. कड्या लावून ओवून देतो."

माझा जीव भांड्यात पडला. कड्यांसाठी माझी एक जुनी अंगठी तेवढी गेली.

लग्नाच्या मांडवात वन्संनी अश्वतीच्या गळ्यातली माळ उलटसुलट करून पाहिली.

"छान आहे गं. कुणी सुचवली?"

"तुम्हीच, वन्सं," मी म्हटलं. "बावीस वर्षं सुचवत होतात."